वाक्य आधी पाठवा, विनंती मागून

"ताई, खालचं वाक्य जरा गोड भाषेत करून द्या ना." "हे थोडं प्रेमाने लिहून हवंय, माझ्याकडून फार रोखठोक झालंय." असे निरोप मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतात. माझी नोकरी आवक-जावक आणि पत्रव्यवहाराच्या टेबलावर गेली. निवृत्त झाल्यावर आसपासच्या लोकांना ते कळलं, आणि सोसायटीच्या फळ्यावरची सूचना असो, घरमालकाला लिहायचं पत्र असो की रुसलेल्या मेहुण्याला पाठवायचा निरोप, तो पाठवण्याआधी माझ्या नजरेखालून जाऊ लागला. मला हे काम आवडतं. पण यांतल्या बऱ्याच निरोपांत "खालचं वाक्य" असं लिहिलेलं असतं आणि खाली वाक्यच नसतं.

कधी ते कॉपी केलेलं असतं आणि चिकटवायचं राहून जातं. कधी फोटो जोडायचा म्हणून आधी विनंती लिहिली जाते, ती लिहून झाली की बोट सवयीने पाठवण्याच्या बाणावर पडतं आणि फोटो मागेच राहतो. कधी आधीच्या फोनवर ते वाक्य बोलून दाखवलेलं असतं, त्यामुळे ते मला ठाऊकच आहे असं समोरच्याला वाटत असतं. कारण कुठलंही असो, माझ्या हातात नुसती विनंती येते. हे सविस्तर लिहितेय त्याचं कारण असं, की अशी विनंती आली असताना मी एकदा अंदाजाने लिहून दिलं आणि त्यातून एका घराचं खरोखरचं नुकसान झालं.

शेजारच्या इमारतीतला एक तरुण मला मावशी म्हणतो. बुधवारी रात्री दहाच्या पुढे त्याचा निरोप आला : "मावशी, वरच्या काकांना हे पाठवायचंय. गळतीचं आहे. जरा फ्रेंडली करून द्या." खाली काही नव्हतं. त्याच्या मोरीच्या छतातून पाणी येतंय हे मला माहीत होतं, कारण महिन्याभरापूर्वी त्याच्या बायकोने जिन्यात सांगितलं होतं. उशीर झाला होता, मुलगा दमून आला असणार, उगाच उलट विचारून त्याला जागं का ठेवा, असं मला वाटलं आणि मी लिहून दिलं :

"काका, नमस्कार. आमच्या मोरीत वरून थोडं पाणी झिरपतंय असं दिसतंय. तुमच्या सवडीने एकदा बघून घ्याल का? घाई नाही."

त्याने ते न वाचता पुढे पाठवलं. माझ्यावर विश्वास होता म्हणूनच वाचलं नाही. शनिवारी सकाळी दहाला प्लंबर आला तेव्हा वरच्या घराला कुलूप होतं. काका-काकू मुलीकडे सासवडला गेले होते. का जाऊ नयेत? घाई नाही असं त्यांना लेखी कळवलेलं होतं. प्लंबरने फेरीचे ३०० रुपये घेतले आणि पुढच्या शनिवारची वेळ दिली. तोवर आठवडाभर त्या घरातली मोरी अंधारात राहिली, कारण पाणी दिव्याच्या होल्डरपर्यंत पोचलं होतं आणि त्या बाजूचा एमसीबी पाडून ठेवण्यावाचून दुसरा इलाज नव्हता.

त्या संध्याकाळी तो मुलगा घरी आला आणि त्याने बुधवारी चिकटवायचं राहून गेलेलं मूळ वाक्य दाखवलं. ते असं होतं :

"तुम्हाला तीन वेळा सांगूनही तुम्ही बाथरूमची गळती दुरुस्त केलेली नाही. आमच्या मोरीत पाणी दिव्याच्या होल्डरपर्यंत आलं आहे. शनिवारी सकाळी दहाला प्लंबर येणार आहे, दार उघडं ठेवा, नाहीतर मला सोसायटीकडे लेखी तक्रार करावी लागेल."

आता माझं वाक्य याच्याशेजारी ठेवून बघा. "थोडं" हा शब्द माझा. "असं दिसतंय" माझं. "सवडीने" माझं. "घाई नाही" तर पूर्णपणे माझंच. उलट त्याच्या मजकुरात असलेला होल्डर, शनिवार, दहाची वेळ आणि प्लंबर यांतलं काहीही माझ्या मजकुरात नव्हतं. मी त्याच्या वाक्याचा सूर बदललाच नव्हता. दुसरंच वाक्य लिहून त्याच्या नावावर पाठवलं होतं. वाक्य समोर नसलं की असंच होतं. गोडवा कुठून तरी आणायचाच असतो, आणि समोर शब्द नसले की तो "थोडं", "सवडीने", "जमलं तर", "घाई नाही" अशा तयार शब्दांतून येतो. हे सगळे शब्द मागणी कमी करणारे आहेत. ते ऐकायला मऊ लागतात आणि तारीख, रक्कम, अट गुपचूप पुसून टाकतात.

म्हणून मी हल्ली सगळ्यांना एकच गोष्ट सांगते : कडू असेल, वेडंवाकडं असेल, शुद्धलेखन चुकलेलं असेल, तरी तुमचं वाक्य आहे तसं पाठवा. मराठीत वाक्याचा कडवटपणा सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. तो दोन-तीन ठिकाणी दबा धरून बसलेला असतो, आणि ती ठिकाणं मूळ वाक्य वाचल्याशिवाय सापडत नाहीत.

वरचंच उदाहरण घेऊ. पहिल्या वाक्यात काट्यासारखी टोचणारी जागा म्हणजे "सांगूनही" मधला "ही". "सांगितलं होतं" असं म्हटलं की ती नुसती माहिती राहते. "सांगूनही" म्हटलं की तो आरोप होतो. त्याच्यापुढे "तुम्ही… केलेली नाही" आलं, की कर्ता उघडा पडतो आणि बोट थेट माणसाकडे जातं. मराठीत याला सुंदर पर्याय आहे आणि तो आपण घरात रोज वापरतो : "करायचं राहिलं". दूध आणायचं राहिलं, फोन करायचा राहिला. काम झालेलं नाही हे त्यात पूर्ण कबूल आहे, पण ते कुणी मुद्दाम टाळलं असं त्यात नाही. मी पहिलं वाक्य "मागे आपलं बोलणं झालं होतं, ते काम व्हायचं राहिलंय" असं केलं. मागे सांगितलं होतं हेही त्यात राहिलं आणि काम झालेलं नाही हेही राहिलं. गेला तो फक्त आरोप.

दुसऱ्या वाक्याला, म्हणजे पाणी होल्डरपर्यंत आलंय याला, मी हातच लावला नाही. ती वस्तुस्थिती आहे, तिच्यात राग नाही. उलट तेच वाक्य सगळ्यात वर आणलं. काका चांगले गृहस्थ आहेत. खालच्या घरात विजेजवळ पाणी आलंय हे कळल्यावर त्यांना वेगळं काही समजावायची गरज उरत नाही. मवाळ करा असं कुणी म्हटलं की पुष्कळ जण आधी अशी वाक्यंच पातळ करतात, "थोडा ओलावा" वगैरे लिहितात, आणि वाचणाऱ्याला घाई कशाची ते कळतच नाही.

तिसऱ्या वाक्यात शनिवार आणि दहाची वेळ तशीच ठेवायची होती. बदलायचं होतं ते फक्त "दार उघडं ठेवा". तो हुकूम आहे, आणि वयाने मोठ्या माणसाला तो बोचतो. मी त्या मुलाला विचारलं, प्लंबरला वर किती वेळ लागेल? तो म्हणाला, अर्धा तास. ते लिहिलं आणि हुकमाचा प्रश्न केला. त्याच वाक्यातल्या "नाहीतर" पासूनच्या भागाबद्दल मात्र मला ठरवायचा अधिकार नव्हता. मी विचारलं, तू खरंच लेखी तक्रार करणार आहेस का? तो म्हणाला, छे, रागात लिहिलं. मग ते काढलं. करणार असता, तर मी ते ठेवलं असतं. "तोवर काम झालं नाही तर मला सोसायटीला लेखी कळवावं लागेल, ते आधी तुमच्या कानावर घालतोय" असं लिहिता येतं. खरा इशारा गोडव्याखाली झाकला तर तक्रार गेल्यावर समोरच्याला दुप्पट लागतं.

पुढच्या शनिवारसाठी गेलेला निरोप शेवटी असा झाला :

"काका, नमस्कार. आमच्या मोरीत गळणारं पाणी दिव्याच्या होल्डरपर्यंत आलंय, म्हणून तिथली वीज बंद ठेवलीय. मागे आपलं बोलणं झालं होतं, ते काम व्हायचं राहिलंय. बुधवारच्या निरोपात मी घाई नाही असं लिहिलं होतं, ते बरोबर नव्हतं. शनिवारी सकाळी दहाला प्लंबर येतोय, त्याला तुमच्या बाथरूममध्ये अर्धा तास लागेल. तेव्हा घरी कुणी असेल ना? जमणार नसेल तर शुक्रवारपर्यंत दुसरी वेळ सांगा, मी त्याला तसं कळवतो."

मूळ मजकुरापेक्षा हा लांब आहे. सूर मऊ केला की मजकूर बहुधा वाढतो, कारण हुकमाच्या जागी कारण द्यावं लागतं. शनिवारी काकांनी स्वतः दार उघडलं. वरच्या मोरीतल्या फरश्यांच्या सांध्यांतलं भरण गेलं होतं, ते काढून पुन्हा भरावं लागलं.

वाक्याबरोबर आणखी एक गोष्ट मला लागते : हे कुणाचं कुणाला? त्या मुलाच्या मूळ मजकुरात "काका" हा शब्दच नव्हता. एरवी तो त्यांना काकाच म्हणतो, पण रागात नातं गळून पडलं होतं आणि नुसतं "तुम्ही" उरलं होतं. ते परत घातलं आणि अर्धं काम तिथेच झालं. वर नवीन भाडेकरू राहत असता, त्याच्याच वयाचा, तर "काका" नसतं आणि बाकीचीही वाक्यं वेगळी झाली असती.

आपल्या जुन्या पत्रांत ही सोय पहिल्याच ओळीत असायची. वडीलधाऱ्यांना "ती.", धाकट्यांना "चि.", आणि त्यापुढे "सा. न. वि. वि." किंवा "स. न. वि. वि.". साष्टांग नमस्कार विनंती विशेष, आणि सप्रेम नमस्कार विनंती विशेष. एका कान्याचा फरक, पण पत्र पायाशी वाकून लिहिलंय की बरोबरीने, ते त्या कान्यावरून कळायचं. शेवटी "लोभ असावा ही विनंती". मधला मजकूर कितीही कामाचा असो, अगदी पैशाच्या तगाद्याचाही असो, नातं दोन्ही टोकांना बांधलेलं असायचं. आता आपण मायना लिहीत नाही. त्यामुळे मदत मागताना नातं वेगळं सांगावं लागतं. "वरच्या मजल्यावरचे, सत्तरीचे, मी काका म्हणतो, एरवी संबंध चांगले" एवढी एक ओळ पुरते.

बोलीचंही तसंच. मूळ वाक्य हातात असलं की पाठवणाऱ्याची बोली दिसते आणि ती जपता येते. नसलं की मी आपोआप छापील मराठीत लिहिते. आमच्या ओळखीच्या एका बाईंना कोल्हापूरकडच्या त्यांच्या दिराला सामाईक विहिरीवरच्या मोटारीच्या वीजबिलाचं लिहायचं होतं. निम्मे पैसे दिराकडून यायचे होते. त्यांनीही वाक्य पाठवलं नव्हतं, मीही मागितलं नव्हतं. मी "आपणांस विनंती की आपल्या हिश्श्याची रक्कम पाठवावी" असं अगदी नम्रपणे लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी बाईंना जावेचा फोन आला : "वहिनी, काय कोर्टाची नोटीस धाडलीसा का आम्हाला?" नंतर कळलं, की बाईंनी स्वतः लिहिलेलं वाक्य होतं, "भाऊजी, बिलाचं तेवढं बघा की, आमी भरून बसलोय." त्यात एकच जागा खुपणारी होती, "भरून बसलोय". तिथे "आमी सगळं भरलंय" केलं असतं की झालं होतं. "बघा की" मधल्या "की" मध्ये जेवढी माया आहे, तेवढी माझ्या सगळ्या "आपणांस" मध्ये मिळून नव्हती. तिकडे "की" ने जे होतं ते विदर्भात "जी" ने होतं, पुण्यामुंबईकडे "ना" ने होतं. ही एकेक अक्षरं फार मोलाची आहेत. ती तुमच्या वाक्यात आधीच असतात. ती माझ्यापर्यंत येऊ द्या.

"कृपया" चं मला इथे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण मवाळ करायचं म्हटलं की हाताशी सगळ्यात आधी तोच येतो. "कृपया" हा फळ्यावरचा शब्द आहे. कृपया शांतता राखा, कृपया रांगेत उभे राहा. त्याने वाक्य नम्र होतं, आपुलकीचं होत नाही. घरात पाणी मागताना कुणी "कृपया पाणी द्या" म्हणत नाही, "जरा पाणी देतेस का?" म्हणतं. "द्या", "द्यावे", "द्याल का", "देता का जरा", "दिलंत तर बरं होईल" यांतलं प्रत्येक रूप वेगळ्या अंतरावरून बोलतं. कार्यालयीन पत्रात "द्यावे" योग्य असतं, त्याला घरगुती केलं तर ते पत्र वाटेनासं होतं. म्हणून नुसतं "फ्रेंडली करा" असं सांगू नका. तुम्हाला नम्र हवंय की आपुलकीचं, की फक्त राग काढून टाकायचाय, ते सांगा. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेच्या व्यवस्थापकाला पहिली लागते, बहिणीला दुसरी, आणि ज्याच्याशी भांडण चालू आहे त्याला बहुतेक वेळा तिसरीच पुरते.

आता थोडं अवघड सांगायचं आहे. पुष्कळ लोक वाक्य विसरून नव्हे, लाजून पाठवत नाहीत. त्यात राग असतो, अपशब्द असतो, कधी रडू असतं. "ते काही वाचण्यासारखं नाही हो, तुम्ही आपलं चांगलंसं लिहून द्या." मला ही लाज समजते. पण तुमच्या रागात तुमचं म्हणणं असतं. "तीन वेळा सांगूनही" मध्ये तीन वेळा सांगितल्याचा थकवा होता, आणि तो थकवा खरा होता. वाक्य वाचलं म्हणून मला कळलं की हे काम तीन वेळा टळलंय, आता तारीख सोडून चालणार नाही. नुसतं "गळतीचं" एवढंच कळलं तेव्हा मी "घाई नाही" लिहून बसले होते. वाटल्यास नावं खोडा, घराचा क्रमांक खोडा. दुसऱ्याने तुम्हाला लिहिलेलं खासगी काही असेल तर ते मला पाठवू नकाच, फक्त तुमचं वाक्य पाठवा. पण तुमचं वाक्य आधी स्वतः गोड करून मग माझ्याकडे धाडू नका. निम्मं धुतलेलं कापड हातात आलं की डाग कुठे होता ते कळत नाही.

काहींच्या बाबतीत वाक्य लिहिलेलंच नसतं. मनात नुसता विषय असतो आणि विनंती मात्र "सुधारून द्या" अशी असते. यात चूक काही नाही, पण ते सुधारणं नाही, नव्याने लिहिणं आहे, आणि त्यासाठी मला वेगळे प्रश्न विचारावे लागतात. तेव्हा सरळ सांगा, "अजून लिहिलं नाही, सुचत नाहीये." मग मी म्हणते, घरातल्या माणसाला ही गोष्ट जशी सांगाल तशी बोला आणि तेच जसंच्या तसं लिहून काढा. पाच मिनिटांत कच्चं वाक्य तयार होतं, आणि त्यावर काम करता येतं.

पाठवताना क्रम उलटा करा. आधी वाक्य पाठवा, ते गेलेलं डोळ्यांनी बघा, आणि मग त्याच्याखाली विनंती लिहा. ईमेल असेल तर कागद आधी जोडा, मजकूर नंतर लिहा. विनंती आणि वाक्य एकाच निरोपात असतील तर वाक्याला अवतरणचिन्हं घाला किंवा निदान नवी ओळ करा. एका दुकानदाराचा मला आलेला निरोप असा होता : "हे जरा बऱ्या शब्दांत करून द्या उद्यापर्यंत पाठवा नाहीतर माल थांबवतो." उद्यापर्यंत मी पाठवायचं की त्याच्या गिऱ्हाइकाने पैसे पाठवायचे, ते त्यात कळायला मार्ग नव्हता. मी विचारलं तेव्हा कळलं की "उद्यापर्यंत" पासूनचं सगळं गिऱ्हाइकासाठी होतं आणि मधला "पैसे" हा शब्द गळला होता.

माझ्यासारखं हे काम करणारे शिक्षक, ग्रंथपाल, कार्यालयातले लिहिते लोक गावोगावी आहेत, तुमच्यापैकी कुणी असतीलही. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. वाक्य आलं नसेल तर लिहू नका. नमुनाही देऊ नका. नमुना म्हणून दिलेलं वाक्य समोरचा न वाचता तसंच पुढे पाठवतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आवक-जावकच्या टेबलावर आम्हाला हे पहिल्या महिन्यात शिकवलं जायचं. पत्राच्या तळाशी "सोबत : वरीलप्रमाणे" असं असलं आणि सोबत काही नसलं, तर त्याच दिवशी पत्रावर शेरा मारायचा : सोबतचे कागद मिळाले नाहीत. आणि तसं पाठवणाऱ्याला कळवायचं. कागदात काय असेल याचा अंदाज आमच्यापैकी कुणी कधी बांधला नाही. अंदाजावर फाइल पुढे सरकली असती तर नोकरी गेली असती. तीच सवय मी फोनवर आल्यावर सोडली, समोर आपलं माणूस आहे म्हणून. खरं तर आपलं माणूस आहे म्हणूनच ती पाळायला हवी होती.

आता मी एकच उत्तर देते. ते मी फोनमध्ये साठवून ठेवलं आहे, कारण रात्री दमलेल्या माणसाला उलट विचारताना माझ्याही शब्दांत चिडचिड येऊ शकते : "वाक्य आलं नाही बरं का. आहे तसंच पाठवा, कुणाला लिहिताय ते सांगा, आणि त्यातलं काय बदलायचं नाही तेही सांगा." बहुतेकांकडून ते दोन मिनिटांत येतं. काही जण मात्र थांबतात. परवाच एका मुलीने अर्ध्या तासाने लिहिलं, "मावशी, शोधायला म्हणून परत वाचलं, आता नाहीच पाठवत त्याला." तो तिचा निर्णय होता आणि तिचं वाक्य वाचून तिनेच घेतला. मी अंदाजाने लिहून दिलं असतं तर तोवर ते पुढे गेलेलं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी माझ्यासारख्या कुणाला असा निरोप पाठवाल, तेव्हा पाठवून झाल्यावर एकदा परत बघा. "खालचं" असं लिहिलं असेल तर खाली काही आहे ना ते बघा. "वरचं" लिहिलं असेल तर वर बघा. नसेल तर लगेच पाठवा, रात्रीचे अकरा वाजले असतील तरी चालेल.